मुदत गेल्यावरचा अर्ज : किकवीतली टिपणं

सासवडहून आलेल्या माणसालाही किकवीत उतरलं की महामार्गाचा आवाज आधी कळतो आणि गाव नंतर. पुणे–सातारा रस्त्याच्या कडेच्या जमिनीला भाव आला, तशी माझ्याकडे येणाऱ्या कागदांचीही जात बदलली. पूर्वी लोक बांधाचं भांडण घेऊन यायचे. आता फेरफार घेऊन येतात. मी वकील नाही. महसूल खात्यात कारकुनी केली, दुसऱ्या जिल्ह्यात. निवृत्तीनंतर अर्ज वाचून देतो, इतकंच.

*

मे महिन्यात आलेली बाई. नात्याने लांबची भाची, सासर साताऱ्याकडे. गावाचं आणि कचेरीचं नाव लिहीत नाही. वडील वारले. वारस नोंदीच्या अर्जात दोघा भावांनी फक्त स्वतःची नावं दिली. मंडळ अधिकाऱ्यांनी ३ जुलै २०२३ ला नोंद प्रमाणित केली. हिला पत्ताच नाही. ९ मे २०२५ ला शेजाऱ्याचा फोन आला, "ताई, तुमच्या शेतात मोजणी चाललीय." तिने सातबारा काढला. त्यावर ती नव्हती.

"मामा, साठ दिवसांत अपील करायचं असतं म्हणे. मग संपलं का?"

*

साठ दिवसांचं गणित आधी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २५०. हुकूम जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर ६० दिवस, नाहीतर ९०. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात. ३ जुलैचा दिवस सोडून मोजलं तर साठावा दिवस १ सप्टेंबर २०२३. ती माझ्या ओट्यावर बसली तेव्हा त्याला वीस महिने उलटून गेले होते.

*

संपलं नव्हतं. दोन दारं उरतात, आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं दार: अपीलच, पण उशिरा. कलम २५१. मुदतीत न येण्याला पुरेसं कारण होतं असं अधिकाऱ्याला पटलं तर तो अपील दाखल करून घेतो. त्यासाठी अपिलासोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि शपथपत्र लागतं. अपिलातच एक ओळ घालून भागत नाही.

दुसरं दार: कलम २५७, पुनरीक्षण. तालुक्यात सगळे 'रिव्हिजन'च म्हणतात. यात वरिष्ठ अधिकारी खालच्याची फाइल मागवतो आणि तीन गोष्टी बघतो: हुकूम कायद्याला धरून आहे का, तो उचित आहे का, आणि कामकाज रीतसर झालं का. अपीलदाराला दाद मागायचा हक्क असतो. इथे आपण वरच्याला सांगतो की तुमच्या हाताखालच्याची फाइल एकदा उघडून बघा. अर्जाचा सूर त्यामुळे बदलतो.

पुनर्विलोकन हे तिसरंच. ते कलम २५८, आणि त्यात ज्याने हुकूम दिला त्याच पदाकडे परत जायचं असतं. टंकलेखकाकडून आलेल्या अर्जांत 'पुनरीक्षण' आणि 'पुनर्विलोकन' यांची अदलाबदल इतकी असते की आता मी मथळा आधी वाचतो.

*

कुठलं दार? भोरच्या एका ओळखीच्या वकिलांचं मत अपिलाचं. मी पुनरीक्षणाच्या बाजूचा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

त्यांचं म्हणणं: अपिलात पुरावाही तपासता येतो. शिवाय कलम २५२ प्रमाणे पुनरीक्षण अर्ज फेटाळला तर त्या फेटाळण्यावर अपील नाही. मग आणखी वर पुनरीक्षण, नाहीतर उच्च न्यायालय.

माझं म्हणणं: चूक फाइलमध्येच दिसते आहे. ती मुलगी आहे की नाही हा वाद असता तर मीही अपीलच सुचवलं असतं. पण तिच्या नावाची नोटीस निघालीच नाही, हे सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही. फाइल उघडली की झालं.

शेवटी ती म्हणाली, "ज्यात फाइल येते ते करा."

*

फाइल म्हणजे नेमकं काय? लोक सातबारा आणि फेरफाराची नक्कल आणतात आणि तेवढ्यावर अर्ज टाकतात. फेरफारात फक्त निकाल असतो. चूक खालच्या कागदांत असते. आम्ही १३ मे ला अर्ज देऊन चार गोष्टींच्या नकला मागितल्या: वारस नोंदीचा मूळ अर्ज, सोबतचं प्रतिज्ञापत्र, जबाब, आणि नमुना ९ च्या नोटिसा पोचीसकट. २१ मे ला मिळाल्या.

प्रतिज्ञापत्रात 'याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत' असं वाक्य. पोच दोनच, दोघा भावांच्या. जबाबात मात्र गावच्या एका जुन्या माणसाने सांगून ठेवलं होतं, "मयतास दोन मुलगे व एक मुलगी." कुणी तरी ते लिहून घेतलं, खाली अंगठा घेतला, आणि पुढे कुणी वाचलं नाही.

त्या एका ओळीवर अर्ज उभा राहिला. हितसंबंध असलेल्यांना नोटीस द्यायची हे कलम १५० सांगतं. मुलगी आहे हे कचेरीच्याच कागदावर आलेलं असताना तिला नोटीस न काढता नोंद प्रमाणित झाली, हा रीतीचा दोष. आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मुलगी पहिल्या वर्गातली वारस, हा कायद्याचा दोष. दोन मुद्दे पुरले. वकिलांनी आणखी सात लिहिले होते, ते काढून टाकायला मी त्यांना भीड घातली.

*

पुनरीक्षणाला मुदत नाही, हे चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. अर्धं खरं आहे. आधी कलमाचा आजचा मजकूर काढून वाचावा. दुरुस्त्या झाल्या आहेत, कुठल्या दर्जाचा अधिकारी ऐकेल हेही त्यात बदललं आहे, आणि कपाटातलं जुनं पुस्तक फसवतं. आम्ही अर्ज अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे केला.

मुदत लिहिलेली नसली तरी 'वाजवी काळ' लागतोच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली पाटील राघव नाथा प्रकरणात सांगितलं. मामला राजकोटचा. जिल्हाधिकाऱ्यांनी २ जुलै १९६० ला शेतजमिनीवर बांधकामाची परवानगी दिली. आयुक्तांनी १२ ऑक्टोबर १९६१ ला ती रद्द केली. अधिकार होता, १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम २११ चा, म्हणजे आपल्या २५७ च्या आजोबाचा. तरी सव्वा वर्ष फार झालं, असं न्यायालय म्हणालं. कारण परवानगी मिळालेला माणूस काही महिन्यांत पाया खणतो, पैसा घालतो.

दुसरं प्रकरण आपल्याच संहितेचं: संतोषकुमार शिवगोंडा पाटील, २००९. तिथे पुनरीक्षण सतरा वर्षांनी झालं होतं. न्यायालयाने सांगितलं, साधारणपणे तीन वर्षं वाजवी, अपवादात्मक परिस्थिती वेगळी. सतरा कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

आता कोडं असं की एकीकडे सव्वा वर्ष जास्त होतं आणि दुसरीकडे तीन वर्षं चालतात. मला कळतं ते हे: त्या हुकुमावर विसंबून मधल्या काळात कुणी काय केलं, हे आधी बघायचं. तारखा त्यानंतर मोजायच्या. नोंद नुसतीच सातबारावर पडून असेल तर तीन वर्षंही खपतात. तिसऱ्याने पैसे मोजून खरेदीखत केलं असेल, बांधकाम उठलं असेल, तर सहा महिनेही जड जातात. भाचीच्या बाबतीत मोजणी झाली होती, खरेदीखत नव्हतं. म्हणून मी तिला म्हटलं, हा उन्हाळा वाया घालवू नकोस.

*

उशिराचा हिशेब. २ जून २०२५ ला अर्ज दाखल. हुकुमापासून तेवीस महिने. अपिलाच्या मुदतीच्या वर ६४० दिवस. पुनरीक्षणात विलंबमाफी मागायची गरज नाही असं म्हणणारे आहेत. मी तरी उशिराचं स्पष्टीकरण शपथपत्रावर द्यायला लावतो, कारण समोरचा पहिलं बोट तिथेच ठेवतो.

टंकलेखकाने आपलं नेहमीचं वाक्य ठोकलं होतं: 'अर्जदार ही अशिक्षित, गरीब व आजारी असल्याने.' त्याच संचात वडिलांचं नाव सिद्ध करायला तिचा दहावीचा शाळा सोडल्याचा दाखला जोडलेला! आजाराचं प्रमाणपत्र अर्थातच नाही. असलं एक वाक्य अर्जातलं बाकीचं खरंही खोटं पाडतं.

आम्ही काळाचे दोन तुकडे केले. ९ मे २०२५ पर्यंतचा मोठा तुकडा: नोटीस नाही म्हणून माहिती नाही, याला पोचींची पानं जोडली. ९ मे ते २ जून हा छोटा तुकडा: सातबारा कधी काढला, नकला कधी मागितल्या, कधी मिळाल्या, वकील कधी भेटले. अधिकारी छोट्याच तुकड्यावर जास्त प्रश्न विचारतात. माहीत नव्हतं तेव्हाचं काय विचारणार? माहीत झाल्यावर स्वस्थ बसलात का, हे ते बघतात. एकेका दिवसाचा खुलासा फार काटेकोरपणे मागू नये असं १९८७ च्या काटिजी निकालात आहे खरं. पण तिथे उशीर चार दिवसांचा होता.

*

अर्जातली मागणी. 'योग्य तो न्याय मिळावा' ही मागणी नव्हे. आमची अशी: सदर फेरफाराची मूळ फाइल मागवून तपासावी, नोंद प्रमाणित केल्याचा हुकूम रद्द करावा, सर्व वारसांना नोटीस देऊन नव्याने चौकशी करण्यासाठी प्रकरण परत पाठवावं, निकालापर्यंत हुकुमाला स्थगिती द्यावी. 'माझं नाव लावा' हे मुद्दाम मागितलं नाही. परत चौकशी झाली तर नाव लागेलच. आणि भावांकडे हक्कसोड असेल तर ते तिथे दाखवतील. ते नोंदणीकृत असावं लागतं, शंभराच्या मुद्रांकावरची सही चालत नाही.

स्थगितीचाही जास्त भरवसा नको. स्थगितीने फेरफाराचा अंमल थांबतो, दुय्यम निबंधकाकडचं खरेदीखत आपोआप थांबत नाही. त्यासाठी दिवाणी दावा. नोंदीने मालकी येत नाही आणि जातही नाही, त्यामुळे वाटपाचं दार तिला तसंही उघडंच आहे. हे तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "दावा मुलं मोठी होईपर्यंत चालेल. आधी हा कागद तरी नीट होऊ दे."

*

कलम १५५ बद्दल. 'लेखनप्रमाद आहे, तहसीलदाराकडे एका अर्जात दुरुस्त होतं,' असं एका एजंटने तिला सांगितलं होतं. पैसेही मागितले. आकडा चुकला, नावातला काना गेला, संगणकावर चढवताना गट क्रमांक बदलला, तर १५५. इथे वारसच वगळला आहे आणि भाऊ ते कबूल करत नाहीत. अशा वादात १५५ खाली हुकूम मिळाला, तरी तोच पुढे पुनरीक्षणात उडतो.

*

पहिली तारीख. भावांच्या वकिलांनी 'विलंब' हा शब्द चारदा वापरला. साहेबांनी विचारलं, "मूळ फाइल आली का?" आली नव्हती. शिरस्तेदाराने स्मरणपत्र काढायची नोंद रोजनाम्यात घेतली.

बाहेर पडल्यावर भाचीने जबाबाची नक्कल पुन्हा पिशवीतून काढली आणि तो अंगठा कुणाचा ते वाचलं. म्हणाली, हे अण्णा, मागच्या पावसाळ्यात गेले.