जिलबी बाहेर, लाडू आत

जबलपूरची खोव्याची जलेबी कुठल्याच हॅम्परमध्ये बसत नाही. कमानिया गेटजवळ बडकुल हलवाईंकडे मिळणारी ही काळपट, जाड, खवा आणि आरारुटाची जिलबी शहराची ओळख आहे. पाहुणा आला की तिला पर्याय नाही. पण ती पाकातून निघते आणि पाक सोबत घेऊनच निघते. तासाभरात डब्याच्या तळाशी थारोळं साचतं, पुठ्ठा मऊ पडतो आणि शेजारच्या पणतीची तांबडी माती त्यात कालवली जाते. म्हणून गोलबाजाराच्या बाजूला राहणाऱ्या, दिवाळीआधी ओळखीपाळखीच्या लोकांना भेटीच्या टोपल्या सजवून देणाऱ्या एका मराठी काकूंचा पहिला नियम असा आहे की जलेबी गरम असताना खायची, पाठवायची नाही.

या काकूंचा जन्म जबलपूरचा. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते, आत्या नागपूरला दिलेली. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर. प्रांत वेगळे झाले तरी डबे जायचे थांबले नाहीत. त्यांच्या लहानपणी भेट म्हणजे परातीत मांडलेला फराळ. मधोमध लाडवांची रास, कडेने करंज्या, चिवडा वाटीत आणि वरून आजीने क्रोशाने विणलेला रुमाल. हातात परात घेऊन शेजारी जायचं काम मुलांचं. शेजारच्या हिंदी घरातून परात रिकामी परत येत नसे, गुजिया किंवा खुरमी घालूनच येई. ना रिबीन, ना चिठ्ठी. कुणाकडून आलं हे रुमालाच्या नक्षीवरूनच कळायचं.

पुढे मिठाईच्या दुकानातला सुतळी बांधलेला पुठ्ठ्याचा डबा आला. मग मखमली झाकणाचा, चार कप्प्यांचा सुक्या मेव्याचा डबा आला. हे डबे एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात न उघडताच फिरत, आणि कधीतरी आपलाच डबा आपल्याकडे परत येई. काकूंना त्या डब्याचा मनापासून राग आहे. त्यातला बेदाणा आणि खारवलेला पिस्ता शेजारी शेजारी असतात आणि मधली प्लास्टिकची भिंत वरून उघडी असते. बेदाण्याचा ओलावा पिस्ता ओढून घेतो. महिन्याभराने पिस्ता दाताखाली कुरकुरत नाही, वाकतो. आता त्या अंजीर, बेदाणा, खजूर एका बंद पुडीत आणि बदाम, काजू, पिस्ता दुसऱ्या बंद पुडीत भरतात. पुड्या छोट्याच, प्रत्येकी दीडदोनशे ग्रॅमच्या. मोठी पुडी एकदा फोडली की उरलेलं सादळतं.

खरी परीक्षा नागपूरच्या टोपलीची. ती बसने सिवनीमार्गे जाते, म्हणजे रात्रभर हादरे. आत्यांच्या घरच्या टोपलीची तयारी काकू बांबूपासून सुरू करतात. टोपली फूटभर लांब, नऊ इंच रुंद, चार इंच खोल. पावसाळ्यानंतर विणलेला बांबू ओलसर असतो आणि तशीच टोपली बंद केली तर आतून बुरशी धरते. म्हणून आधी चांगलं ऊन दाखवायचं. मग आतून-बाहेरून हात फिरवून निघालेल्या सळ्या कात्रीने कापायच्या, कारण एक कुसळ जिलेटीनच्या कागदाला भोक पाडायला पुरते. तळाला मापाचा पुठ्ठा आणि त्यावर कागदाची पिंजर. पिंजर शोभेची नाही, धक्का झेलायला असते. मुठीत दाबून पुन्हा फुलली तर ती कामाची.

यानंतर जड वस्तू. भेडाघाटचा दगडी दिवा पहिला बसतो, तळाशी, मधोमध. संगमरवर म्हणून विकला जाणारा तिथला बराच माल शंखजिऱ्याचा असतो, आणि तो इतका मऊ असतो की नखानेही ओरखडा उठतो. म्हणून त्याला मऊ सुती कापड गुंडाळतात. मातीच्या पणत्या चार, जोडी जोडीने तोंडाला तोंड लावून, मधे कागदाची घडी. त्यांना आधी पाण्यात भिजवून, कोरड्या पुसून, पूर्ण वाळवून घेतात. भिजवल्याने पणती तेल कमी पिते आणि भुकटी धुऊन निघते. दिवे मिठाईपासून लांब, आपापल्या डब्यात.

दिव्यांच्या बाबतीत काकू सर्वांत कडक आहेत त्या सुगंधी मेणपणतीबाबत. दिसायला सुरेख, पण मिठाईतलं तूप वास पकडतं. बंद टोपलीत दोन दिवस काजूकतली मोगऱ्याच्या मेणाशेजारी राहिली की ती साबणासारखी लागते. असं हॅम्पर त्यांनी एका ओळखीच्या घरी उघडलेलं पाहिलं होतं. सगळ्यांनी एकेक तुकडा तोंडात घातला आणि कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून त्या बिनवासाच्याच वाती देतात.

मिठाई निवडताना त्या सजावट बघत नाहीत, दिवस मोजतात. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या थाळीवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं दुकानदारांना बंधनकारक झालं होतं, आणि तेव्हापासून त्यांचं काम सोपं झालं. त्या थाळीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देत नाहीत. कलाकंद त्याच दिवशीचा, म्हणून बाद. खव्याची बर्फी जेमतेम चार दिवसांची, म्हणून गावातल्या गावात ठीक. काजूकतली आठवडाभर निघते आणि घरच्या तुपातला बेसन लाडू त्याहून कितीतरी जास्त. नागपूरच्या टोपलीत काजूकतली पाव किलो आणि बेसन लाडू आठ. लाडू बटर पेपरच्या वाटीत, एकमेकांना न टेकवता, नाहीतर तूप कागदातून उतरतं आणि टोपली दुसऱ्या दिवशी डागाळलेली दिसते. त्या डब्यांची उंची पुस्तकं टेकवून बघतात, मागे उंच, पुढे बुटकं. उघडणाऱ्याला सगळं एकाच नजरेत दिसलं पाहिजे, इतकाच सजावटीचा भाग.

मग सव्वा मीटरचा चौकोनी जिलेटीन कागद खालून वर गोळा करून वरती दोऱ्याने आवळायचा. रिबीन नंतर. थेट रिबिनीने आवळलं की ती चुरगळते आणि गाठ सैल पडते. साटीनची रिबीन सव्वा मीटर पुरते. टोकं तिरकी कापायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवायची, म्हणजे धागे सुटत नाहीत. जरीच्या रिबिनीवर हे करू नये, जर काळी पडते.

राहिली चिठ्ठी. ड्रॉइंगच्या जाड कागदाची, साडेतीन बाय दोन इंच, भोक कडेपासून आत, नाहीतर बसमधल्या हादऱ्यात फाटते. ती कागदाच्या बाहेर रिबिनीला, शाई वाळल्यावरच. जेल पेन तुपाच्या बोटाने फराटा ओढतं म्हणून साधं बॉलपेन. आजही सुरुवात ‘ती. सौ. आत्यास सा. न.’ अशीच, मुलांना ‘चि.’ आणि अनेक आशीर्वाद. मागच्या बाजूला तीन ओळी: भरल्याची तारीख, ‘काजूकतली आधी, लाडू नंतर’, आणि ‘दगडी दिवा पाण्यात ठेवू नये’. छापील शुभेच्छा त्या वापरत नाहीत, कारण त्यात काय आधी खायचं ते नसतं.

तेव्हा यंदा कुणाकडून अशी टोपली आली तर फोटो काढून झाल्यावर रिबीन सोडा, चिठ्ठी उलटून वाचा, आणि दुधाची मिठाई असेल तर ती त्याच दिवशी संपवा.