नववीला पत्रलेखन शिकवणाऱ्या मास्तरांचा अर्ज

गेली कित्येक वर्षे मी मुलांना औपचारिक पत्र शिकवतो. मराठीच्या तासाला 'अर्ज' आणि उर्दूच्या तासाला 'दरखास्त'. विषय एका ओळीत, मागणी एकच, मोजक्या शब्दांत, असं फळ्यावर लिहून देतो. आणि मागच्या ऑक्टोबरात माझा स्वतःचा अर्ज संस्थेच्या वेतन विभागाने परत पाठवला. त्यावर लाल पेनने लिहिलं होतं, 'कर कमी करणे आमच्या हातात नाही.'

झालं असं. 2025 च्या मार्चपर्यंत आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. घरभाडे भत्त्याची सूट मिळायची, म्हणून मी दरवर्षी जुनी करपद्धती घ्यायचो. दोन्हीकडचा कर जवळपास सारखाच यायचा, त्यामुळे फार विचार केला नाही. एप्रिलमध्ये आम्ही अब्बांच्या जुन्या घरात राहायला आलो आणि भाडं बंद झालं. त्याच महिन्यात वेतन विभागाचा छापील फॉर्म आला. त्यात प्रश्न होता, 'नवीन करपद्धतीतून बाहेर पडायचे आहे का?' मी सवयीने मागच्या वर्षीसारखं 'हो' लिहिलं. भाड्याच्या रकान्यात मात्र प्रामाणिकपणे शून्य टाकलं. म्हणजे ज्या सवलतीसाठी जुनी पद्धती घेत होतो ती गेली, आणि पद्धती तीच राहिली.

काहीच लिहिलं नसतं तरी वाचलो असतो. 2023-24 पासून नवीन पद्धती हीच मूळ धरलेली आहे. कर्मचाऱ्याने काही कळवलं नाही तर कार्यालयाने त्याच पद्धतीने कर कापायचा असतो. माझं 'हो' मला त्यातून बाहेर घेऊन गेलं.

पगारातून दरमहा 7,627 रुपये जाऊ लागले. मला वाटलं, महागाई भत्ता वाढला म्हणून असेल. सप्टेंबरच्या शेवटी थोरल्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा पगारपत्रक हातात घेऊन हिशेबाला बसलो.

माझा वर्षाचा पगार धरा 10,80,000. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट 50,000 आणि व्यवसाय कर 2,500 वजा केला की उरतात 10,27,500. भविष्य निर्वाह निधी आणि मुलींची शिकवणी फी मिळून 80C ची दीड लाखाची मर्यादा भरते. ती वजा करून उरले 8,77,500. पहिल्या अडीच लाखांवर कर नाही. पुढच्या अडीच लाखांवर 5 टक्के म्हणजे 12,500, आणि उरलेल्या 3,77,500 वर 20 टक्के म्हणजे 75,500. एकूण 88,000. त्यावर 4 टक्के उपकर धरून 91,520. बाराने भागलं की तेच 7,627.

आता नवीन पद्धती. इथे 80C नाही, व्यवसाय कराची वजावट नाही, घरभाड्याची सूट नाही. फक्त 75,000 ची प्रमाणित वजावट. उरतात 10,05,000. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, उरलेल्या 2,05,000 वर 10 टक्के म्हणजे 20,500. एकूण 40,500. पण 2025-26 मध्ये या पद्धतीत करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर 60,000 पर्यंतचा कर माफ आहे. म्हणून माझा कर शून्य.

एकीकडे 91,520 आणि दुसरीकडे शून्य. बायको म्हणाली, "सहा महिने तुम्ही दर महिन्याला एक फी बुडवलीत." मी गप्प बसलो.

जुन्या पद्धतीत मोठ्या सवलती कशावर मिळतात? गृहकर्जाचं व्याज, विम्याचे हप्ते, घरभाडं. आपल्यापैकी बरेच लोक व्याजाचं कर्ज टाळतात, विमाही नाखुशीने घेतात. ज्याच्याकडे हे नाही आणि भाडंही नाही, त्याच्याकडे जुन्या पद्धतीत दीड लाखाच्या 80C पलीकडे फारसं उरत नाही. तरी फॉर्मवर 'जुनी' लिहायची सवय सुटत नाही.

मग मी पहिला अर्ज लिहिला. उर्दूत दरखास्त लिहिणाऱ्याची खोड मराठीतही जात नाही. महागाई, दोन मुलींचं शिक्षण, अब्बांचं औषधपाणी, असं सगळं लिहून शेवटी 'तरी माझा आयकर कमी करावा, ही नम्र विनंती' असं लिहिलं. तोच परत आला.

वेतन विभागातल्या भाऊसाहेबांना भेटलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "सर, कर मी ठरवत नाही. तुम्ही जो पर्याय दिला, त्यावर मी हिशेब करतो. पर्याय बदलतोय असं लिहा, मग हिशेब बदलेल. तुमची अडचण मला समजते, पण ती भरायला माझ्याकडे रकाना नाही."

त्यांनी एक शंकाही काढली. एकदा दिलेला पर्याय वर्षाच्या मध्ये बदलता येतो का? मी 5 एप्रिल 2023 चं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक घेऊन गेलो होतो. त्यात म्हटलं आहे की कर्मचाऱ्याने कार्यालयाला पर्याय कळवणं म्हणजे कायद्यातला पर्याय वापरणं नव्हे, तो वेगळा वापरावा लागतो. ज्याला धंद्याचं उत्पन्न नाही अशा पगारदाराचा खरा निर्णय विवरणपत्र भरताना होतो. कार्यालयात होते ती फक्त कपातीची सोय. शिवाय कलम 192(3) प्रमाणे त्याच वर्षात आधी जास्त किंवा कमी कापलं गेलं असेल, तर पुढच्या कपातीत ते जुळवून घेण्याची मालकाला मुभा आहे. ही मुभा आहे, सक्ती नाही. काही कार्यालयं वर्षाच्या मध्ये बदल घेतच नाहीत. मग जुलैपर्यंत थांबून विवरणपत्रात परतावा मागायचा, एवढंच हातात उरतं. आमच्या भाऊसाहेबांनी बदल घ्यायचं मान्य केलं.

दुसरा अर्ज असा होता:

'प्रति, वेतन विभाग. विषय: करपद्धतीचा पर्याय बदलल्यामुळे मासिक आयकर कपातीचा फेरहिशेब करण्याबाबत (आर्थिक वर्ष 2025-26).

महोदय, एप्रिल 2025 मध्ये मी जुन्या करपद्धतीचा पर्याय दिला होता. तो मी मागे घेत असून कलम 115BAC ची नवीन करपद्धती लागू करावी. जुन्या पद्धतीसाठी दिलेली 80C ची माहिती विचारात घेऊ नये. माझे पगाराबाहेरचे उत्पन्न म्हणजे बचत खात्यावरील अंदाजे 3,200 रुपये व्याज. ते हिशेबात धरावे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात माझ्या पगारातून 45,762 रुपये कर कापला आहे. संपूर्ण वर्षाचा कर नव्याने काढून, त्यातून ही रक्कम वजा करून, ऑक्टोबरच्या वेतनापासूनची कपात ठरवावी. फेरहिशेबाची एक प्रत मला द्यावी. सोबत: सप्टेंबरचे पगारपत्रक व माझा हिशेब.'

खाली नाव, कर्मचारी क्रमांक, पॅन आणि तारीख. हा अर्ज पगाराची बिलं बंद होण्याआधी पोचवला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

व्याजाची ओळ पाहून एका सहकाऱ्याने विचारलं, "सर, ते व्याज तुम्ही वापरता कुठे? सवाबची नियत न ठेवता गरिबाला देऊन टाकता ना?" देतो. पण आयकराच्या दृष्टीने ते माझ्या खात्यात आलेलं उत्पन्नच आहे आणि माझ्या पॅनवर नोंदलेलं आहे. आपण काय खातो हा आपला आणि अल्लाहचा हिशेब. अर्जात लपवायची ती गोष्ट नाही.

अर्जातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे 'संपूर्ण वर्षाचा कर काढून, कापलेला वजा करून'. वेतन विभाग नेमकं हेच करू शकतो. वर्षाचा नवा कर, वजा आतापर्यंतची कपात, भागिले उरलेले महिने. समजा 15 लाख पगाराच्या एखाद्या मुख्याध्यापकांनी माझ्याच वजावटी असताना माझीच चूक केली आणि जुलैत सुधारली. जुन्या पद्धतीत त्यांचा वर्षाचा कर 2,09,820, म्हणजे महिना 17,485. तीन महिन्यांत गेले 52,455. नवीन पद्धतीत वर्षाचा कर 97,500. उरले 45,045, ते नऊ महिन्यांत वाटले की महिना 5,005. नुसतं 'आता नवीन पद्धतीने कापा' असं लिहिलं आणि कारकुनाने 97,500 ला बाराने भागलं, तर महिना 8,125 जात राहतील आणि आधीचे जास्तीचे पैसे तसेच अडकतील.

माझ्या बाबतीत वजाबाकी शून्याखाली गेली. म्हणून कपात शून्य झाली, पण आधीचे 45,762 भाऊसाहेब परत देऊ शकत नव्हते. ते पैसे महिन्याच्या महिन्याला सरकारकडे जमा झालेले होते, आणि जुळवून घ्यायला पुढे कपातच उरली नव्हती. ते विवरणपत्र भरूनच मागायचे. एप्रिलमध्ये हिशेब केला असता तर तेही मागावे लागले नसते. मार्चपर्यंत तसाच थांबलो असतो तर पूर्ण 91,520 अडकले असते. अशा परताव्यावर सरकार व्याजही देतं, म्हणजे आपल्याला पुन्हा तोच प्रश्न.

उलट दिशेने, नवीनमधून जुन्यात जाणाऱ्याने मात्र जास्त सावध राहावं. तिथे अर्जासोबत पुरावे लागतात. भाड्याच्या पावत्या, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनसुद्धा. वर्षाअखेरीला पुरावे दिले नाहीत तर वजावटी काढून टाकतात आणि सगळी कसर शेवटच्या दोन-तीन पगारांतून निघते. शिवाय विवरणपत्रही मुदतीतच भरावं लागतं. मुदत चुकली की जुनी पद्धती मिळत नाही.

ऑक्टोबरच्या पगारपत्रकात आयकराच्या रकान्यात शून्य आलं. तरी काम तिथे संपत नाही. फॉर्म 16 च्या भाग ब मध्ये 115BAC(1A) च्या पद्धतीतून बाहेर पडलात का, असा प्रश्न असतो. तिथे 'नाही' असायला हवं. 'हो' राहिलं असेल तर फेरहिशेब कागदावर पोचलेला नाही असं समजावं आणि भाऊसाहेबांकडे परत जावं. आणि ज्यांना 2026-27 साठी असा अर्ज करायचा आहे त्यांनी कलमांचे क्रमांक तपासून घ्यावेत. 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा लागू झाला आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत.

यंदा नववीच्या पत्रलेखनाच्या तासाला मी माझे दोन्ही अर्ज फळ्यावर लिहिले, आकडे थोडे बदलून. "कोणता मंजूर होईल?" असं विचारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पहिल्यात तुम्ही रडताय. दुसऱ्यात त्यांना काय करायचं ते सांगताय."

तिला पैकीच्या पैकी गुण दिले.