बारा लाखांची फोड

महिना संपला की पहिल्या-दुसऱ्या तारखेला रिजनल मॅनेजरांना जो सेल्स रिपोर्ट जातो, त्यात टार्गेट किती होतं आणि झालं किती हे मी सांगावं अशी कुणाची अपेक्षा नसते. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला लावलेली बिलं सिस्टीममध्ये असतात, ते दोन आकडे सरांनी माझ्याआधी पाहिलेले असतात. त्यांना माझ्याकडून हवं असतं ते वेगळंच. राहिलेला आकडा नेमका कुठे राहिला, कशामुळे राहिला आणि त्यातला किती परत यायचा, हे गाडीवर फिरणाऱ्या माणसालाच सांगता येतं. माझ्या मते रिपोर्टचं खरं काम एवढंच आहे आणि त्याची परीक्षा वाईट महिन्यात होते. त्यातही बाहेर एखादं मोठं, सगळ्यांना दिसणारं कारण घडलेलं असतं तेव्हा जास्तच, कारण मग सगळी तूट त्या एकाच कारणाच्या नावावर टाकता येते आणि कुणी विचारतही नाही.

सप्टेंबर २०२५ हा तसा महिना होता. माझ्याकडे सोलापूर जिल्ह्यातले चार डिस्ट्रिब्युटर: बार्शी, कुर्डुवाडी, मोहोळ आणि पंढरपूर. माल रोजच्या वापरातला. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, शाम्पू आणि कपड्यांची पावडर. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने नवे दर जाहीर केले. साबणाची वडी, पेस्ट, तेल, शाम्पू १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, २२ सप्टेंबरपासून. मधल्या एकोणीस दिवसांत दुकानदाराने माल का भरावा? आज भरलेला साबण तीन आठवड्यांनी स्वस्त होणार हे त्याला पेपरात वाचून कळलं होतं. फळीवर आहे ते तो विकत राहिला. डिस्ट्रिब्युटरनेही ऑर्डर रोखली, कारण १८ टक्के भरून घेतलेला माल ५ टक्क्यांनी विकला की जास्तीचा कर क्रेडिटमध्ये अडकून पडतो. तो पुढच्या करातून वळता होतो खरा, पण हातात रोख येत नाही. आणि २२ तारीख उजाडते न उजाडते तोच सीनेला पूर आला. माढा आणि मोहोळ तालुक्यांतली गावं पाण्यात गेली, डिलिव्हरीच्या गाड्या जागेवर थांबल्या.

महिनाअखेर टार्गेट ४८ लाखांचं, झाले ३६. तूट १२ लाखांची.

«जीएसटी आणि पूरपरिस्थिती यामुळे विक्रीवर परिणाम» अशी एक ओळ लिहिली असती तरी ती खोटी नसती. त्या महिन्यात बहुतेक रिपोर्टांत तीच ओळ असणार. पण या ओळीतून पुढच्या महिन्यात काय करायचं ते निघत नाही, आणि त्या दोन कारणांआड तिसरं काही लपलं असेल तर तेही कळत नाही. म्हणून मी तुटीची फोड करायला बसलो.

फोडीला धागा मिळाला तो कपड्यांच्या पावडरीत. तिचा दर बदललाच नव्हता. २२ तारखेच्या आधीही १८ टक्के आणि नंतरही १८. म्हणजे पावडरीची ऑर्डर थांबवायला दुकानदाराला जीएसटीचं काही कारण नव्हतं. जिथे साबण पडला पण पावडर टिकली, तिथे दोष कराच्या बदलाचा. जिथे पावडरही पडली, तिथे दुसरं काहीतरी आहे.

इथे एक सांगायला हवं. ही तपासणी प्रायमरीवर, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेल्या मालावर, धड होत नाही. डिस्ट्रिब्युटर आठवड्यातून एकदा-दोनदा ऑर्डर देतो, त्यावरून दुकानात काय चाललंय ते दिसत नाही. त्यासाठी सेकंडरी पाहायची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनने दुकानांना कापलेली बिलं, आणि तीही आठवड्यागणिक. कुर्डुवाडी, मोहोळ आणि पंढरपूरला पावडर २० तारखेपर्यंत ठरल्या चालीने जात होती, शेवटच्या दहा दिवसांत घसरली. तिथे पावडरीचं टार्गेट १२ लाखांचं, झाले ११. हा एक लाख पुराचा. बार्शीला मात्र पावडर पहिल्याच आठवड्यापासून कमी. तेव्हा ना पूर होता, ना पावडरीला जीएसटीचं विघ्न. ४ लाखांच्या जागी तिथे ३ लाख झाले, म्हणजे चौथा हिस्सा गेला.

बार्शीची बिलं लाइननिहाय लावल्यावर उत्तर दिसलं. शहरातली दुकानं नेहमीसारखी चालू होती, वैरागची लाइन रिकामी होती. त्या लाइनीवर १४० दुकानं. एरवी महिन्यात ९२ दुकानांत तरी एकदा बिल कापलं जायचं, सप्टेंबरमध्ये ३१. तिथला सेल्समन ऑगस्टअखेरीस काम सोडून गेला होता आणि डिस्ट्रिब्युटरने नवा माणूस घेतला नव्हता. शहरातलाच मुलगा वेळ मिळेल तशी चक्कर मारत होता.

आता पावडरीचं हे प्रमाण बाकीच्या मालाला लावलं. साबण, पेस्ट, तेल, शाम्पू मिळून टार्गेट ३२ लाखांचं, तूट १० लाखांची. तीन गावांत ६, बार्शीत ४. तीन गावांत पुराने पावडरीचा बारावा हिस्सा खाल्ला, तर त्याच हिशेबाने २४ लाखांतले २ लाख पुराचे आणि उरलेले ४ जीएसटीचे. बार्शीत रिकाम्या लाइनीने चौथा हिस्सा खाल्ला, म्हणजे ८ लाखांतले २, आणि उरलेले २ जीएसटीचे. सगळं मिळून जीएसटी ६, पूर ३, वैराग ३. हा अंदाज आहे आणि रिपोर्टमध्ये मी «अंदाजे» असंच लिहिलं, कारण पाण्यामुळे बंद पडलेलं दुकान पावडर आणि साबण अगदी एकाच प्रमाणात कमी घेतं असं नाही. पण कुठलं कारण मोठं, कुठलं छोटं, आणि कुठलं आपल्या हातातलं, एवढं त्यातून स्वच्छ कळतं.

फोड केल्याचा दुसरा फायदा असा, की प्रत्येक तुकड्याचं पुढे काय होणार ते वेगवेगळं सांगता येतं. जीएसटीचे सहा लाख बऱ्याच अंशी लांबलेले. घराघरांत साबण वापरला जात होताच, फक्त दुकानातली फळी रिकामी होत होती. नवे दर लागल्यावर ती जागा भरावीच लागणार. पुराचे तीन लाख बहुतांशी गेलेले. कितीतरी दिवस दुकानच बंद असलेल्या गावात नंतर कुणी दुप्पट साबण घेत नाही. शिवाय तिथल्या दुकानदारांकडे उधारी अडकलेली असते, भिजलेला माल परत घ्यावा लागतो. आणि वैरागचे तीन लाख, काही केलं नाही तर, ऑक्टोबरमध्ये पुन्हा तसेच जाणार. सरांनी सर्वात आधी वाचावं असं मला वाटत होतं ते हेच. सर्वात लहान तुकड्यांतला एक, पण तोच दर महिन्याला पुन्हा पडणारा.

या सगळ्याच्या आधी एक मोह असतो, तो २८ ते ३० तारखेच्या दरम्यानचा. पंढरपूरचे शेठ जुने, शब्दाला जागणारे. त्यांना चार-पाच लाखांचा माल टाकला असता तर ३६ चे ४० दिसले असते. नवे दर लागलेत, दिवाळी पुढे आहे, माल जाणारच, असं समर्थनही तयार होतं. त्यांच्याकडे आधीच वीस दिवसांचा माल होता, एरवी ते पंधरा दिवसांचा ठेवतात. असं लोडिंग केलं की रिपोर्ट सुधारतो आणि पुढचा महिना बिघडतो, कारण तो माल विकून होईपर्यंत शेठ ऑर्डर देत नाहीत, आणि पैसे अडकले की घाऊक व्यापाऱ्याला भाव पाडून देतात. मग त्याच भावाने आजूबाजूच्या गावांत माल फिरतो आणि लाइनीवरच्या सेल्समनला दुकानदार विचारतात, तुमचा रेट एवढा जास्त कसा?

म्हणून माझ्या रिपोर्टमध्ये प्रत्येक डिस्ट्रिब्युटरसमोर ओपनिंग स्टॉक, प्रायमरी, सेकंडरी आणि क्लोजिंग स्टॉक अशा चार रकान्यांची ओळ असते. ओपनिंगमध्ये प्रायमरी मिळवा, सेकंडरी वजा करा, क्लोजिंग यायलाच हवं. हे गणित जुळलं तरी गोडाऊनमध्ये जाऊन पेट्या मोजाव्या लागतात. कधी कधी महिनाअखेरीस दुकानांच्या नावाने बिलं कापलेली असतात आणि माल तिथेच थप्पीला असतो. ते ओळखायची खूण पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळते. तेव्हा सेल्स रिटर्न एकदम वाढलेले दिसले, की समजायचं मागच्या महिन्याची सेकंडरी पोकळ होती.

राहता राहिले उपाय. वैरागबद्दल मी बार्शीच्या शेठना विचारलं, माणूस का घेत नाही? ते म्हणाले, «साहेब, माणूस उद्या घेतो. पण स्कीमचे माझे पैसे चार महिने कंपनीकडे पडलेत, ते आधी आणा.» त्यांची बाजू रास्त होती. महिन्याला बारा लाखांचा धंदा, त्यावर पाच टक्के मार्जिन म्हणजे साठ हजार. त्यातून गाडी, गोडाऊनचं भाडं, दोन सेल्समन आणि अडकलेल्या भांडवलाचं व्याज. स्कीम त्यांनी दुकानदारांना स्वतःच्या खिशातून दिलेली, क्लेमचे १ लाख ४० हजार यायचे बाकी. अशा वेळी पगारावर कात्री चालते.

तेव्हा रिपोर्टमध्ये «बार्शीला सेल्समन नेमणे» असं नुसतं लिहून भागणारं नव्हतं. मी लिहिलं, की क्लेमची सगळी कागदपत्रं ५ तारखेपर्यंत मी पुन्हा तपासून पाठवतो. सरांनी क्लेम १० तारखेपर्यंत अकाउंट्सकडून मंजूर करून घ्यावेत. क्रेडिट नोट पडल्यापासून आठवड्यात शेठ माणूस घेतील, तसं त्यांनी कबूल केलंय. आणि पहिले तीन महिने त्याच्या पगारातला निम्मा भाग कंपनीने द्यावा. खर्च किती, तेही लिहिलं. उपायातला एक भाग वरच्या माणसाचा असेल तर तो त्यांच्या नावाने, तारखेसकट लिहावा, असं माझं ठाम मत आहे. तो लिहायला संकोच वाटतो म्हणून बरेच जण «पाठपुरावा सुरू आहे» एवढ्यावर थांबतात, आणि मग पाठपुरावा नुसता सुरूच राहतो.

सरांचा फोन आला. जीएसटीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. क्लेमची तारीख त्यांनी १० ची १३ केली, पगाराचे तीन महिने दोनवर आणले, आणि विचारलं, «माणूस आला की ऑक्टोबरला वैरागची ९२ दुकानं धरू ना?» मी साठ म्हणालो. महिनाभर आपली पावडर मिळाली नाही तेव्हा तिथल्या दुकानदारांनी दुसऱ्या कंपनीची घेतली होती, तीही उधारीवर. ती संपल्याशिवाय आणि तिचे पैसे फिटल्याशिवाय ते आपल्या नव्या माणसाला ऑर्डर देणार नाहीत. पहिल्या फेरीत तो फक्त जुनं येणं, खराब माल आणि अर्धवट राहिलेल्या स्कीमा निस्तरणार, बिल दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला कापलं जाणार. सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ठीक आहे, साठ लिही, पण कुठली साठ, त्यांची यादी पाठव.