घर्षण कुठे हवे, कुठे नको

मी सकाळी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी मैदानावर मुलांचा सराव घेतो. नवे साहित्य घ्यायचे म्हणून सल्ला विचारायला मुले येतात, तेव्हा मी आधी दोन गोष्टी विचारतो. तुझा वेग किती? आणि तुला अडवतंय ते नेमकं काय?

सायकलचेच बघा. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो. रस्त्यावर फिरताना टायर सतत दबतो आणि पुन्हा फुगतो. त्यात वाया जाणारे बल चांगल्या टायरसाठी साधारण 4 न्यूटन धरू. वेग वाढला तरी ते फारसे बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताठ बसलेल्या स्वाराला ताशी 18 किलोमीटरला सुमारे 6 न्यूटन, तर ताशी 36 ला 24 न्यूटन. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते. पहिल्या वेगाला 50 वॅट लागतात, दुप्पट वेगाला 280.

आता टायरमधली हवा कमी झाली आणि त्याचा रोध 4 वरून 8 न्यूटन झाला असे समजा. ताशी 18 ने कॉलेजला जाणाऱ्या मुलीला 50 ऐवजी 70 वॅट द्यावे लागतील. तिने वाकून हवेचा रोध पाचव्या हिश्श्याने कमी केला, तरी वाचतील जेमतेम 6 वॅट. म्हणजे तिला हवा भरायचा पंप हवा. ताशी 36 ने शर्यत मारणाऱ्याला मात्र तेवढेच वाकून जवळपास 50 वॅट वाचवता येतात, आणि त्याला कोपरे आत घेणे, घट्ट जर्सी घालणे फायद्याचे ठरते. पडताळा घरचाच आहे. वारा नसताना एकाच उतारावरून, एकाच जागेपासून, पेडल न मारता दोनदा खाली या, एकदा ताठ बसून आणि एकदा वाकून. पुढच्या सपाटीवर सायकल कुठे थांबते त्याची खूण करा.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट. त्यामुळे जलतरणात वेग कमी असूनही शरीराची ठेवण फार महत्त्वाची ठरते. श्वास घ्यायला डोके वर उचलले की पाय खाली जातात आणि पाण्यासमोर येणारे क्षेत्रफळ वाढते. 2009 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले. तेव्हाचे पॉलियुरेथेनचे पोशाख शरीर आवळून गुळगुळीत करत आणि त्याला थोडे वर उचलून धरत. 2010 पासून फक्त कापडी पोशाखांना परवानगी आहे, आणि पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर व गुडघ्याच्या खाली जात नाही. शरीर आडवे ठेवण्याचे काम आता पोहणाऱ्यालाच करावे लागते. मी मुलांना भिंतीला पाय देऊन, हात पुढे ताणून, पाय न मारता किती लांब सरकता येते ते बघायला लावतो. ढगळ चड्डी आणि अंगाबरोबर बसणारी चड्डी यांतला फरक तिथे लगेच कळतो. पण हेच पाणी तळहाताला आणि कोपरापुढच्या हाताला रोध देते, म्हणून तर पुढे जाता येते. शरीराला जो रोध नको, तोच हाताला हवा.

धावपटूला तर पायाखाली पकड हवीच. वेग घेताना सुरुवातीच्या पावलांत धावणाऱ्याचे सरासरी त्वरण 6 मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर त्याला 9.8 ने भागून सुमारे 0.6 मिळतात. एवढा घर्षणांक जमिनीने द्यायला हवा. भुसभुशीत मातीवर साध्या बुटाला तो मिळेलच असे नाही, म्हणून खिळे. खिळा घर्षण वाढवतो म्हणण्यापेक्षा जमिनीत रुतून आधार देतो म्हणणे बरोबर. सिंथेटिक ट्रॅकवर धावण्याच्या शर्यतीला तो 9 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही आणि लागतही नाही, कारण लांब खिळा रबरात अडकतो आणि पाय उचलायला उशीर होतो. मातीवर थोडा लांब खिळा ठीक. सुरुवातीच्या पावलांच्या खुणा वाकून बघा. स्वच्छ भोके दिसली तर पकड बरोबर आहे. मागे ओढलेले चरे दिसले तर पाय घसरतोय आणि जोर मातीत जातोय.

एका वेळी एकच गोष्ट बदला. टायर, बसण्याची ढब आणि बूट एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. आपला वेग मोजा, सगळ्यात मोठा रोध शोधा आणि पैसे त्यावरच खर्च करा.