दोरा फक्त काढतो

पवन मावळातल्या त्या मुलीची उजवी भुवई आठवली की माझं डोकं अजून तापतं. कामशेतला माझं छोटं पार्लर आहे. लग्नसराईत मुली आधी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, "ताई, अशा आयब्रो करून द्या." बहुतेक फोटो हिरोइनींचे असतात. कमान भुवईखालच्या हाडावर बसते आणि ते हाड काही हिरोइनीकडून आणता येत नाही, हे समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो.

हिचा मात्र स्वतःचाच सेल्फी होता. तो बघून दुसऱ्या एका पार्लरमध्ये तिला सांगितलं, डावी वर आहे, उजवी खाली. सारख्या करून देतो. आणि उजवीच्या खालून दोरा फिरवला!

मग ती माझ्याकडे आली. मी तिला खुर्चीत मागे टेकवून डोळे मिटायला लावले. कपाळ सैल पडलं तशा दोन्ही भुवया एका रेषेत आल्या. फरक केसांत नव्हताच. बोलताना, फोटो काढताना डावी उचलायची तिची सवय. ते काम स्नायूचं, दोरा त्यात काय करणार? आता चेहरा शांत असला की उजवी डावीच्या निम्मी दिसायची, आणि साखरपुडा तोंडावर. एवढं साधं बघायला किती वेळ लागतो हो?

मग खिडकीसमोर बसवून, काजळ पुसून, दोन हात लांबून तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून मी फोटो काढला. सेल्फीत मोबाइल जवळ असतो, त्यामुळे नाक फुगतं, भुवयांची टोकं मागे सरकतात आणि फिल्टर विरळ जागा बुजवतो. माझ्या फोटोत उजवीच्या टोकाशी बारीक फट दिसली. लहानपणी उंबऱ्यावर पडली होती म्हणे. तसल्या व्रणावर केस येत नाहीत, तिथे पेन्सिलच.

"मग डावी ट्रिम करून बारीक करा," तिची मावशी म्हणाली. केस वर विंचरून कापले, की खाली बसवल्यावर विरळ जागा उघड्या पडतात. लांब केसच त्या झाकत असतात. मी नाही म्हटलं. डावीचे फक्त रेषेबाहेरचे चार केस काढले, उजवीला हात लावला नाही. ती भरायला दोन-तीन महिने तरी जातात, आणि वर्षानुवर्षं ओढलेले केस कधी कधी परत येतही नाहीत. साखरपुड्याला उजवीत पेन्सिलने केसासारख्या बारीक रेघा भरल्या.

फोटो बघून आयब्रो करू नयेत असं मी सगळ्यांना सांगते, आणि हल्ली नवरीकडून फोटो मीच आधी मागवते: एक शांत चेहऱ्याचा, एक बोलतानाचा. मावशी अजून गावात सांगते, या बाईने पैसे घेतले आणि काही केलंच नाही.