वजन कमी केलं की कंबर थांबेल का?

कंबरदुखीचा वजनदार रुग्ण खुर्चीत बसण्याआधीच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, वजन वाढलंय ना, म्हणून दुखतंय." तो हे इतक्या खात्रीने सांगतो की पुढे तपासायला काही उरतच नाही. पण दसरा झाला की माझ्याकडे कापूस वेचणाऱ्या बायांची रांग लागते. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या, अंगावर चरबीचा पत्ता नाही, आणि तक्रार तीच: "कंबर धरली." वजन हेच कारण असतं तर या बायांना माझ्याकडे यायची गरज पडली नसती.

साधा तराजू डोळ्यांसमोर आणा. मणका हा त्याचा मधला टेकू. पुढच्या पारड्यात शरीराचा भार, मागच्या पारड्यात पाठीचे स्नायू. अडचण अशी की स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर आहेत, आणि पुढचा भार त्याहून बराच लांब.

पोटावर १० किलो जादा चरबी आहे आणि ती मणक्याच्या सरासरी २० सेंटीमीटर पुढे आहे, असं धरू. अंतर चौपट, म्हणून ती तोलायला स्नायूंना ४० किलोची ओढ लावावी लागते. म्हणजे सुटलेल्या पोटाचा भार खोटा नाही.

आता ४४ किलोची बाई पराटीत वाकते. कमरेच्या वरचं तिचं शरीर साधारण २४ किलोचं. वाकल्यावर त्याचा मध्य २० सेंटीमीटर पुढे गेला, तर स्नायूंना जवळपास ९६ किलोची ओढ लावावी लागते. पोटाशी बांधलेल्या ओटीतला कापूस वेगळाच. बारीक बाईची कंबर वाकताना जो ताण सोसते, तो ताठ उभ्या माणसाच्या पोटाने पडणाऱ्या ताणाच्या दुपटीहून जास्त. आणि ती दिवसभर वाकते. स्नायू थकले की भार चकत्या, सांधे आणि बंधांवर जातो, आणि तिथून दुखणं सुरू होतं.

त्यामुळे काट्यावरच्या आकड्याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा: स्नायू किती वेळ तग धरतात? डेन्मार्कमध्ये १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना टेबलावर पालथं झोपवून, पाय बांधून, कमरेच्या वरचं अंग अधांतरी सरळ धरायला लावलं. ज्या पुरुषांच्या पाठीचे स्नायू जास्त वेळ टिकले, त्यांना पुढच्या वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी आढळलं. लठ्ठपणाने धोका वाढतो, पण बेताचाच. गुडघ्यांवर त्याचा परिणाम कितीतरी जास्त.

गडाच्या वाटेवर दुकान असलेले एक गृहस्थ, ८८ किलो. दिवसभर बैठक. पायात कळ नाही, बधिरपणा नाही. "मणक्यात गॅप" असल्याचं कुणीतरी सांगितलेलं. वरची चाचणी माझ्यासमोर घेतली, तर २५ सेकंदांत कोसळले. धडधाकट माणूस साधारण दीड-दोन मिनिटं टिकतो. (दुखत असताना ही चाचणी घरी करू नका.) त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ करून १० सेकंद धरायचा, दोन्ही बाजूंनी सहा-सहा वेळा. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, दहा वेळा. आणि अर्धा तास चालायचं. तीन महिन्यांनी चाचणीत ७० सेकंद टिकले, पोतं उचलताना कंबर धरणं थांबलं. वजन घटलं होतं फक्त दोन किलो.

म्हणून वजन कमी करू नका, असं मी म्हणत नाही. साखर, रक्तदाब, गुडघे यांच्यासाठी ते करायलाच हवं. पण नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. मग पुढचं पारडं हलकं होतं आणि मागचंही. वजन उतरवताना व्यायाम आणि ताटात डाळ, दही, अंडी हवीतच.

वेचणीच्या बायांना मी वेगळं सांगतो. त्यांचे हातपाय कणखर आहेत, त्यांना विश्रांती हवी आहे. दर अर्ध्या तासाने ताठ उभं राहून, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकायचं. ओटी जड होण्याआधी रिकामी करायची. गाठोडं अंगाजवळ घेऊन, गुडघ्यांत वाकून उचलायचं.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. प्रयत्न न करता वजन घटतंय आणि कंबर दुखतेय, संध्याकाळी ताप येतो, रात्री पडल्यावरही कळ थांबत नाही, तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ नाही ना, हे तपासावं लागतं. पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवी अडली असेल, तर व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.