भाकरीचं माप

मधुमेहाचं निदान झालं की आपल्या भागात माणसाच्या हाती बहुधा एक छापील कागद येतो. त्याचे दोन भाग असतात, ‘हे खावे’ आणि ‘हे टाळावे’. पहिल्यात ज्वारी, मेथी, कारलं. दुसऱ्यात भात, साखर, बटाटा. मी आखाडा बाळापूरचा. मधुमेह सांभाळताना अशी यादी बाजूला ठेवून आठवड्याच्या तक्त्यावर जेवतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते इथे कारणांसह मांडायचं आहे. तक्त्यात चार रकाने असतात: पदार्थ, प्रमाण, कर्बोदकं आणि वेळ. लोक पदार्थाचा रकाना आधी वाचतात आणि बहुतेक तिथेच थांबतात. रक्तातली साखर मात्र मुख्यतः उरलेल्या तीन रकान्यांवर चालते. पदार्थ आठवडाभर बदलत राहिले तरी चालतं. प्रत्येक जेवणातली कर्बोदकं आणि जेवणाची वेळ जवळपास कायम राहायला हवी.

यासाठी ज्वारीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण मराठवाड्यात सगळ्यात मोठा गैरसमज तिच्याभोवती आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत तंतू वगळून उरणारी कर्बोदकं दिली आहेत. 100 ग्रॅम ज्वारीत ती सुमारे 68 ग्रॅम, गव्हाच्या कणकेत 64 आणि कच्च्या तांदळात 78 आहेत. म्हणजे ज्वारी नि गहू एकाच पंगतीतले, आणि तांदूळ त्यांच्यापासून फार लांब नाही. ज्वारीत तंतू तांदळापेक्षा बरेच जास्त आहेत, हा तिचा खरा गुण. पण आता ताटात बघा. 50 ग्रॅम पिठाची लहान भाकर 34 ग्रॅम कर्बोदकं देते. आपल्याकडे तवाभर पसरणारी भाकर 80 ग्रॅम पिठाची सहज होते आणि ती 54 देते. ‘दोन भाकरी’ असं लिहिलेल्या कागदाचा अर्थ एका घरात 68 होतो, दुसऱ्या घरात 108. दोघंही पथ्य पाळतात, आणि एकाची साखर का वाढते हे कुणालाच कळत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ज्वारीची साखर हळूहळू चढते, म्हणून ती थोडी जास्त झाली तरी बिघडत नाही. हा आक्षेप ‘ग्लायसेमिक इंडेक्स’वर उभा आहे. डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये टोरांटोत ही कल्पना मांडली. तो निर्देशांक काढताना प्रत्येक पदार्थ असा मोजून देतात की त्यातली कर्बोदकं सारखी, साधारणपणे 50 ग्रॅम, भरावीत. मग रक्तातल्या साखरेचा चढ तपासतात. म्हणजे तुलनेची अटच समान प्रमाणाची आहे. प्रमाण दुप्पट केलं की कमी निर्देशांकाचा फायदा तिथेच संपतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी ‘इंडिॲब’ अभ्यासाचा आहाराविषयीचा भाग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येते. पांढऱ्या तांदळाच्या वा मैद्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्यांतल्या किंवा दुधातल्या प्रथिनांनी घेतला तेव्हा मात्र धोका कमी दिसला. अभ्यास धोक्याबद्दलचा आहे, उपचाराबद्दलचा नाही, हे मान्य. पण धान्य बदललं म्हणजे काम झालं, या समजुतीला तो आधार देत नाही.

आता एक दिवस मांडून पाहू. साठीच्या आसपासचा, हलकं काम करणारा, मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेला माणूस धरा. त्याला दिवसाला 170 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं ठरवून दिली आहेत. सकाळी 7 वाजता अर्धा कप दुधाचा बिनसाखरेचा चहा, 5 ग्रॅम. 9 वाजता न्याहारीला 50 ग्रॅम पिठाची एक भाकर आणि 25 ग्रॅम मटकीची उसळ, 34 नि 13 मिळून 47. दुपारी दीडला तेवढीच एक भाकर, 20 ग्रॅम तूरडाळीचं वरण, भरपूर पालेभाजी आणि वाटीभर दही, सगळं मिळून सुमारे 54. पाच वाजता पुन्हा तसाच चहा आणि मूठभर फुटाणे, 15. रात्री 8 वाजता 25 ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या, वरण आणि भाजी, 48. बेरीज 169 होते. हे आकडे अंदाजाचे आहेत, दोन-चार ग्रॅम इकडे-तिकडे होणारच. कळीची गोष्ट ही की मुख्य तिन्ही जेवणं 45 ते 55 च्या पट्ट्यात आहेत. सकाळी उपाशी आणि रात्री तुडुंब, असं घडत नाही. नेहमीच्या चहात दोन चमचे साखर, म्हणजे 10 ग्रॅम, पडते. गावात दिवसभरात चार ठिकाणी चहा झाला तर एका भाकरीपेक्षा जास्त कर्बोदकं न जेवताच पोटात जातात. म्हणून चहालाही तक्त्यात स्वतंत्र ओळ लागते.

आठवड्याचे बाकीचे दिवस याच पट्ट्यात अदलाबदल करून भरतात. रात्रीच्या 50 ग्रॅम कणकेच्या जागी 40 ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात बसतो, कारण दोन्हींतून 31-32 ग्रॅमच मिळतात. तांदळाला तक्त्यात जागा हवीच. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो आणि ज्वारी बाजारातून विकत आणावी लागते, अशी कितीतरी घरं आहेत. ज्या घरात तांदळाचं पोतं आहे, तिथे ‘भात बंद’ असं लिहिणं म्हणजे तक्ता पहिल्याच आठवड्यात बंद पाडणं. मात्र 40 ग्रॅम तांदळाचा भात शिजून जेमतेम एक मोठी वाटी होतो, ताटभर नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं. न्याहारीला 45 ग्रॅम पोहे घेतले की भाकरीएवढी कर्बोदकं होतात, पण उसळ सुटते. म्हणून त्यांत शेंगदाणे आणि सोबत दही हवं. उपवासाचा दिवस सर्वांत फसवा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. बशीभर खिचडीला 80 ग्रॅम साबुदाणा लागला तर एकट्या त्याचेच 70 ग्रॅम होतात, वर बटाटा वेगळा. त्याऐवजी 50 ग्रॅम भगर, दाण्याची आमटी आणि दही घेतलं तर बेरीज 42 च्या आसपास राहते. उपवास मोडत नाही आणि पट्टाही.

वेळेचा रकाना आपल्या भागात शहरापेक्षा अवघड आहे, आणि शहरी तक्ते इथे फसतात ते यामुळेच. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रब्बीत हळदीला किंवा गव्हाला पाणी देणारा माणूस संध्याकाळी सातला जेवून मध्यरात्रीनंतरही बांधावर असतो. जो केवळ मेटफॉर्मिनवर आहे, त्याला यात फारसा धोका नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचं गणित वेगळं आहे. ही औषधं जेवण झालं की नाही हे न बघता साखर उतरवतात, आणि अंगमेहनत त्यात भर घालते. स्नायू काम करताना रक्तातली साखर ओढून घेतात, काम थांबल्यावरही काही तास ओढत राहतात. घाम, थरथर, धडधड, भोवळ ही साखर खाली गेल्याची लक्षणं. थंडीच्या रात्री घाम आला तर ती हमखास ओळखावीत. मापकावर आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि मग खायचं. अशा वेळी फुटाणे किंवा भाकर कामाची नाही, कारण ती हळू चढते. म्हणून तक्त्यात ‘रात्रीचं पाणी’ आणि ‘वेचणीचा दिवस’ अशा वेगळ्या ओळी असाव्यात आणि तेव्हा 15 ग्रॅमचं जादा खाणं कुठे बसवायचं हे लिहिलेलं असावं. त्या दिवशी गोळीची मात्रा तीच ठेवायची की बदलायची, हे मात्र डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावं. ते तक्त्याचं काम नव्हे.

दोन आक्षेप उरतात. पहिला, आजोबा चार-चार भाकरी खात आणि त्यांना काही झालं नाही. आजोबा औत हाकत, मोट चालवत, कोसभर चालत बाजाराला जात. त्यांच्या भाकरी स्नायूंत खर्च होत. आज नांगरट ट्रॅक्टर करतो आणि सोयाबीनची रास मळणीयंत्र करतं. काम गेलं पण ताट तेवढंच राहिलं. आजही दिवसभर खुरपणारीला किंवा खांद्यावर पोती वाहणाऱ्याला जास्त कर्बोदकं लागतात, आणि त्यांच्या तक्त्यात ती द्यायलाच हवीत. दुसरा आक्षेप, घरात कोण तोलत बसणार? भाकरी करणारी बाई अख्ख्या घराच्या थापते, एकासाठी तराजू काढत नाही. हा आक्षेप खरा आहे, पण तोलायचं एकदाच असतं. किराणा दुकानाच्या काट्यावर 50 ग्रॅम पीठ तोलून घरच्या एका वाटीत ओतावं आणि ते जिथवर येतं तिथे खूण करावी. तशीच 40 ग्रॅम तांदळाची खूण दुसऱ्या वाटीवर करावी. पुढे ती वाटीच तराजू. रोग्याची भाकर त्या वाटीची, बाकीच्यांच्या नेहमीच्या. सगळ्यांचं पीठ, तवा नि कोरड्यास एकच.

तक्ता बरोबर आहे की नाही, हे शेवटी रक्तच सांगतं. सकाळी उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी 180 च्या आत, हे बहुतेकांसाठी ठरलेलं लक्ष्य आहे. फार वयस्कर माणसाला किंवा ज्याची साखर वारंवार खाली जाते त्याला डॉक्टर ते सैल करतात. पट्टी महाग असते, म्हणून रोज बोट टोचण्यापेक्षा जेवणाआधी आणि दोन तासांनी अशी जोडी मोजावी. एका दिवशी भाकरीच्या ताटाची, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच कर्बोदकांच्या भाताच्या ताटाची. भातानंतरचा चढ बराच मोठा दिसला तर भाताचं माप कमी करावं किंवा वरण-भाजी वाढवावी. दोन्ही चढ सारखे आले तर भात बंद करण्याचं कारण उरत नाही. भाकरीनंतरच आकडा 200 च्या वर जात असेल तर आधी वाटीवरची खूण तपासावी, डॉक्टरांकडे गोळी वाढवून मागण्याची पाळी त्यानंतरची. छापील यादी अशी तपासता येत नाही, कारण ‘ज्वारी खावी’ हे वाक्य कोणत्याच आकड्याने खोटं ठरत नाही. ‘50 ग्रॅम पिठाची एक भाकर, दुपारी दीड वाजता’ ही ओळ मात्र खोटी ठरू शकते, म्हणूनच ती दुरुस्त करता येते.